बेरीज जुळली, कर जुळला नाही: इंदूरच्या एका दुकानातले बिलिंग ॲप

इंदूरला रामबागेच्या बाजूला मराठी खाण्याच्या जिन्नसांचे एक दुकान आहे. पापड, कुरडया, मेतकूट, मसाले, चिवडा आणि सणासुदीला अनारशाचे पीठ असा माल. काकू गल्ल्यावर बसतात, काका सियागंजातून किराणा उचलतात आणि मुलगा पुण्या-मुंबईच्या कुरियरच्या ऑर्डरी फोनवर घेतो. दुकान जीएसटीत नियमित पद्धतीने नोंदलेले आहे, विवरणपत्र तिमाही भरले जाते. १ जुलै २०२५ पासून त्यांनी छापील बिलबुक बंद करून एक बिलिंग ॲप सुरू केले. गल्ल्यावरच्या कॉम्प्युटरवर आणि मुलाच्या फोनवर, दोन्हीकडे. पहिली तिमाही झाली की वर्षाचे पैसे भरायचे की नाही ते ठरवायचे होते, आणि अशा दुकानांचे हिशेब मी पाहतो म्हणून ते ठरवायला त्यांनी मला बोलावले.

ॲपचे नाव इथे देत नाही. पुढे ज्या दोषाबद्दल लिहिले आहे तो एकाच ॲपपुरता असेल असे मला वाटत नाही, आणि तुमच्या ॲपमध्ये तो आहे की नाही हे तुम्हाला स्वतःच तपासता यावे यासाठी हे लिहिले आहे. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत, घडले ते तसेच आहे.

मांडणी

ॲप बसवायला वेळ लागत नाही. नाव, पत्ता, जीएसटी क्रमांक टाकला की पहिले बिल लगेच निघते आणि कंपनीचा माणूस दाखवतो तेही एवढेच. खरा वेळ जातो मालाच्या यादीत. या दुकानात चारशेच्या आसपास जिन्नस आहेत. ॲपने एक्सेलचा साचा दिला होता, तो भरून चढवला की सगळी यादी एकदम येते. साचा चांगला होता. एचएसएन म्हणजे मालाचा वर्गीकरण क्रमांक, कराचा दर, विक्रीची किंमत करासकट की करावेगळी, असे वेगवेगळे रकाने त्यात होते. किंमत करासकट आहे की नाही हा रकानाच काही ॲपांत नसतो, आणि मग छापील किमतीवर वरून कर चढतो. काकूंनी पहिल्याच दिवशी गिऱ्हाइकाला जास्त पैसे सांगितले असते. इथे तसे झाले नाही.

यादी करताना दोन गोष्टींकडे मुद्दाम लक्ष द्यावे लागले. पहिली चिवड्याची. जुलैमध्ये पाकीटबंद, लेबल लावलेल्या चिवड्यावर १२ टक्के कर होता आणि बरणीतून तोलून दिलेल्या सुट्या चिवड्यावर ५ टक्के. दोन्हींचा एचएसएन २१०६ च. मुलाने आधी ‘चिवडा’ असा एकच जिन्नस केला होता, कारण घरात तो एकाच कढईत होतो. करासाठी मात्र ते दोन जिन्नस आहेत, म्हणून ‘चिवडा पाकीट’ आणि ‘चिवडा सुटा’ अशा दोन नोंदी केल्या. पापडावर कर शून्य, मसाल्यांवर ५. हे सगळे साच्यात एकदा नीट बसले की गल्ल्यावर काही विचार करावा लागत नाही.

दुसरी गोष्ट बिलाच्या क्रमांकाची. गल्ला आणि फोन अशी दोन यंत्रे एकाच मालिकेतून क्रमांक घेत होती. इंटरनेट असेपर्यंत ठीक चालते. नेट गेले की दोघेही आपापल्या जागी पुढचा आकडा घेतात, आणि नेट आल्यावर १४८ क्रमांकाची दोन बिले समोर येतात. नियमाप्रमाणे बिलाचा क्रमांक त्या आर्थिक वर्षात एकदाच यायला हवा, ओळीने हवा आणि १६ अक्षरांच्या आत हवा. ॲपमध्ये यंत्रागणिक वेगळी मालिका ठेवायची सोय होती, पण ती सेटिंगच्या आतल्या पानावर होती आणि बसवून देणाऱ्याने दाखवली नव्हती. गल्ल्याला `A/25-26/0001` आणि फोनला `P/25-26/0001` अशी मालिका लावली आणि प्रश्न मिटला. दोन यंत्रे असतील तर हे पहिल्या बिलाआधी करावे. नंतर केले तर विवरणपत्रात दिलेल्या बिलांचा हिशेब देताना अडचण होते.

छपाईत एक लहान अडचण आली. तीन इंची थर्मल प्रिंटरवर इंग्रजी नावे नीट उमटायची आणि ‘मेतकूट’च्या जागी प्रश्नचिन्हे यायची. प्रिंटरच्या स्वतःच्या अक्षरांत देवनागरी नव्हती. ॲपमध्ये बिल अक्षरांऐवजी चित्र म्हणून छापायचा पर्याय होता, तो निवडल्यावर नावे बरोबर आली. छपाई किंचित हळू झाली, पण काकूंना मराठीतच बिल हवे होते आणि ते योग्यच होते. त्यांच्या गिऱ्हाइकांत वयस्कर माणसे पुष्कळ आहेत.

एकंदरीत मांडणीबद्दल माझी तक्रार नाही.

बावीस सप्टेंबर

३ सप्टेंबरच्या जीएसटी परिषदेच्या बैठकीत दर बदलले आणि ते २२ सप्टेंबरपासून, म्हणजे घटस्थापनेच्या दिवसापासून लागू झाले. पाकीटबंद नमकीन १२ वरून ५ टक्क्यांवर आले. मुलाने २१ तारखेला रात्री दुकान बंद केल्यावर ‘चिवडा पाकीट’ उघडून दर १२ चा ५ केला आणि किंमत ११२ रुपयांवरून १०५ केली. हे त्याने बरोबर केले. करावेगळी किंमत १०० रुपये तशीच राहिली आणि कमी झालेल्या कराचा फायदा गिऱ्हाइकाला मिळाला. दुसऱ्या दिवसापासूनची बिले १०५ रुपयांनी आणि ५ टक्क्यांनी निघाली.

तिमाही संपली. जुलै ते सप्टेंबरच्या जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्राची मुदत १३ ऑक्टोबर. ॲपमध्ये जीएसटी रिपोर्टचे पान आहे. तारखा टाकल्या की दरवार आणि एचएसएनवार गोषवारा एक्सेलमध्ये उतरतो, आणि पोर्टलवर चढवायची फाइलही तिथूनच निघते. दुकानदार सहसा हीच फाइल सीएला व्हॉट्सॲपवर पाठवून मोकळे होतात.

मी ताळा पाहायला बसलो तेव्हा आधी एकूण विक्री पाहिली. बिलांच्या यादीची बेरीज आणि गोषवाऱ्याची बेरीज पैशापर्यंत जुळत होती. इथे बरेच लोक थांबतात. मी पुढे गेलो ते पाकीटबंद चिवड्याच्या ओळीमुळे. गणपती २७ ऑगस्टला बसले, म्हणजे चिवड्याची मोठी विक्री १२ टक्क्यांच्याच काळात झालेली. तरीही गोषवाऱ्यात २१०६ पुढे १२ टक्क्यांची ओळच नव्हती. सगळी विक्री ५ टक्क्यांत होती.

आता आकडे पाहा. १ जुलै ते २१ सप्टेंबर या काळात २,००० पाकिटे ११२ रुपयांनी विकली. बिलांप्रमाणे करपात्र रक्कम २,००,००० आणि कर २४,०००, मिळून २,२४,०००. २२ ते ३० सप्टेंबरमध्ये ३०० पाकिटे १०५ रुपयांनी गेली. करपात्र रक्कम ३०,०००, कर १,५००, मिळून ३१,५००. म्हणजे गिऱ्हाइकांकडून आले २,५५,५०० आणि त्यात कर २५,५००.

गोषवाऱ्यातही एकूण २,५५,५०० च होते, पण फोड वेगळी होती. करपात्र रक्कम २,४३,३३३ आणि कर १२,१६७. २,५५,५०० ला १.०५ ने भागा, हाच आकडा येतो. रिपोर्ट काय करत होता ते यावरून कळते. तो बिलात नोंदलेला कर वाचत नव्हता. बिलातून फक्त मिळालेली रक्कम घेत होता आणि जिन्नसाच्या पानावर आज जो दर आहे त्याने ती मागे फोडत होता. दर आज ५ आहे, म्हणून जुलैची विक्रीही ५ ने फुटली. किंमत करासकट असल्यामुळे बेरीज हलली नाही, आणि बेरीज हलली नाही म्हणून कुणाच्या लक्षात येणार नव्हते.

ही फाइल तशीच भरली असती तर एका जिन्नसापोटी १३,३३३ रुपये कर कमी भरला गेला असता. तो पैसा गिऱ्हाइकांकडून घेतलेला होता, सरकारचा होता. कधी तरी नोटीस आली असती तर फरक आणि त्यावर वर्षाला १८ टक्के व्याज काकांच्या अंगावर आले असते, आणि हातातल्या छापील बिलांवर मात्र १२ टक्के स्पष्ट लिहिलेले. दरबदल झालेले जिन्नस दुकानात आणखीही होते, मी इथे फक्त चिवडा धरला आहे.

बिले बिघडली होती का, हा पुढचा प्रश्न. ऑगस्टमधले एक बिल उघडून पुन्हा छापले. त्यावर चिवडा ११२, करपात्र १००, केंद्राचा ६ आणि राज्याचा ६ असे व्यवस्थित आले. म्हणजे मूळ नोंद शाबूत होती, रिपोर्ट चुकीच्या जागेवरून वाचत होता. हा फरक महत्त्वाचा आहे. नोंदच बदलली असती तर त्याच दिवशी ॲप सोडा म्हणून सांगितले असते.

तुमच्या ॲपमध्ये हे कसे आहे ते पाहायला दरबदलाची वाट पाहू नका. मागच्या महिन्याचा दरवार गोषवारा काढून ठेवा. चाचणीसाठी केलेल्या, पुढे न वापरायच्या एखाद्या जिन्नसाचे बिल त्या महिन्यात असेल तर त्याचा दर बदला आणि तोच गोषवारा पुन्हा काढा. जुना आकडा हलला तर रिपोर्ट आजच्या दराने बनतो. हलला नाही तर बिलातून बनतो. ही तपासणी पैसे भरण्याआधीच्या मोफत काळात करता येते, आणि माझ्या मते कंपनीने दाखवलेल्या सगळ्या सोयींपेक्षा तिचे मोल जास्त आहे.

मदत केंद्र

मदत केंद्राची परीक्षा फोन किती लवकर उचलतात यावर करू नये. इथे फोन लगेच उचलला जायचा आणि बोलणे गोड होते. ‘सर, हो जाएगा’ हे उत्तर मुलाला आधीच मिळाले होते. मी त्याला सांगितले की तक्रार लिहून कर, आणि तीत एकच प्रश्न विचार: दरवार गोषवारा बिलात नोंदलेल्या कराने बनतो की जिन्नसाच्या आजच्या दराने? सोबत ऑगस्टच्या बिलाचा फोटो आणि गोषवाऱ्याची ती ओळ जोड.

पहिले उत्तर आले की ॲप काढून टाकून पुन्हा टाका. हा सल्ला कधीही लगेच पाळू नये. फोनवरची काही बिले अजून सर्व्हरवर चढली नसतील तर ॲप काढताच ती जातात. आधी दोन्ही यंत्रांवरचे शेवटचे बिल क्रमांक जुळतात का ते पाहावे, निर्यात करून घ्यावी आणि मगच हात लावावा. आम्ही काढले नाही, कारण या दोषाशी त्याचा संबंधच नव्हता.

दुसरे उत्तर जास्त धोक्याचे होते. दर तात्पुरता १२ करा, रिपोर्ट काढा आणि परत ५ करा. असे केले की २२ सप्टेंबरनंतरची ३०० पाकिटे १२ ने फुटतात, म्हणजे चूक फक्त बाजू बदलते. शिवाय त्या मधल्या वेळात काकूंनी गल्ल्यावर बिल केले तर तेही १२ टक्क्यांनी निघेल. तिसऱ्या माणसाने दूरस्थ पद्धतीने कॉम्प्युटर ताब्यात घेऊन जुनी बिले एकेक उघडून पुन्हा सेव्ह करून देतो म्हणून सांगितले. काकूंनी मला विचारले, ‘अरे, देऊ का रे त्याला?’ मी म्हटले, ‘काकू, नको. आत्ता बिले तरी खरी आहेत.’ पुन्हा सेव्ह करताना ॲप आजचा दर उचलते की जुना ठेवते हे त्या माणसालाही ठाऊक नव्हते. गिऱ्हाइकाच्या हातात एक बिल आणि आपल्याकडे दुसरे, अशी वेळ आली असती.

तक्रार वर गेली तेव्हा मात्र सरळ उत्तर मिळाले, तेही लेखी. गोषवारा जिन्नसाच्या चालू दराने बनतो, दर बदलताना जुना जिन्नस बंद करून नवा करावा, आणि चालू तिमाहीसाठी ‘जिन्नसवार विक्री तपशील’ ही निर्यात वापरावी, तिच्यात बिलातला मूळ कर असतो. हे उत्तर पूर्ण खरे निघाले. मदत केंद्राला मी यावरूनच गुण देतो. पहिल्या फळीतली माणसे विषय न समजता हात घालायला तयार होती, ही मोठी उणीव. पण दोष मान्य करून तो कुठे आहे आणि त्यातून वाट कशी काढायची हे लिहून देणारा माणूस कंपनीत होता, आणि त्याच्यापर्यंत तक्रार पोहोचवायची रीत होती. काही कंपन्यांत ही वरची फळीच नसते.

फाइल बाहेर काढणे

आता त्या तपशिलाच्या फाइलबद्दल. तीत बिलातल्या प्रत्येक जिन्नसाला एक ओळ असते: बिल क्रमांक, तारीख, गिऱ्हाईक, राज्य, जिन्नस, एचएसएन, नग, करपात्र रक्कम, दर, कर. बिलिंग ॲपची निर्यात चांगली की वाईट हे ही एक फाइल मिळते की नाही यावर ठरते. पीडीएफ कितीही सुबक असली तरी तिच्यातून पुन्हा बेरीज करता येत नाही. नुसती बिलवार यादी असेल तर एका बिलातल्या पापडाचा शून्य आणि चिवड्याचा १२ वेगळा होत नाही. ओळवार तपशील हातात असला की एक्सेलच्या पिव्होटमध्ये एचएसएन आणि दर डावीकडे, करपात्र रक्कम आणि कर बेरजेला टाकायचे. तसे केल्यावर २१०६ च्या दोन ओळी आल्या: १२ टक्क्यांना २,००,००० वर २४,००० आणि ५ टक्क्यांना, सुटा चिवडा वगळून, ३०,००० वर १,५००. हेच आकडे विवरणपत्रात गेले. मे २०२५ पासून एचएसएनचा तक्ता नोंदणीकृत आणि इतर गिऱ्हाइकांसाठी वेगवेगळा भरावा लागतो. फाइलमध्ये गिऱ्हाइकाचा जीएसटी क्रमांक असल्यामुळे तेही वेगळे करता आले.

फाइल उघडताना घ्यायची काळजी सांगतो, कारण इथे ॲपचा दोष नसताना आकडे बिघडतात. ॲप एक्सेलची फाइल देत असेल तर प्रश्न कमी. हे ॲप सीएसव्ही देते. ती दोनदा टिचकी मारून उघडली की तीन गोष्टी होऊ शकतात. देवनागरी नावांची अगम्य अक्षरे होतात. १३ आकडी बारकोड `8.90123E+12` असा दिसतो, आणि त्या अवस्थेत फाइल सेव्ह केली तर मागचे आकडे कायमचे जातात. तिसरी गोष्ट तारखांची, आणि ती सगळ्यांत फसवी. कॉम्प्युटरची तारीख अमेरिकी पद्धतीवर असेल तर `05-09-2025` हे ५ सप्टेंबरचे बिल ९ मेचे होते. महिन्याची पहिली बारा दिवसांची बिले अशी इकडे तिकडे जातात आणि १३ तारखेपासूनची तारीख न ठरता नुसता मजकूर म्हणून राहतात. ओळखायची खूण अशी की रकान्यात काही तारखा उजवीकडे चिकटलेल्या आणि काही डावीकडे चिकटलेल्या दिसतात. असे दिसले की फाइल सेव्ह न करता बंद करावी.

बरोबर रीत अशी: एक्सेलमध्ये कोरी वही उघडून `Data` मधून `From Text/CSV` घ्यावे, `File Origin` मध्ये `65001: Unicode (UTF-8)` निवडावे आणि `Transform Data` मध्ये बारकोडचा रकाना `Text` करावा, तारखेच्या रकान्याला `Using Locale` मधून `English (India)` द्यावे. तारखेला आधीच चुकीचा प्रकार लागला असेल तर उजवीकडच्या पायऱ्यांतून `Changed Type` ही पायरी काढून मग हे करावे. एकदा केले की सवय होते.

पुण्याच्या पार्सलांच्या ओळीही याच फाइलमध्ये तपासल्या. मध्य प्रदेशाचा संकेतांक २३ आणि महाराष्ट्राचा २७, म्हणून त्या बिलांवर केंद्र-राज्य अशी फोड नसून आंतरराज्य कर हवा. मुलाने जिथे गिऱ्हाइकाचे राज्य रिकामे सोडले होते तिथे ॲपने गुपचूप मध्य प्रदेश धरले होते. अशी बिले थोडी होती, सीएच्या सांगण्याप्रमाणे दुरुस्त झाली, आणि आता फोनवरच्या बिलात राज्य भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही अशी सेटिंग लावली आहे.

उधारीची निर्यात मात्र कमकुवत निघाली. कोणाकडे किती येणे आहे ती एकूण बाकी एक्सेलमध्ये मिळते, पण ती कोणत्या बिलांची हे एकेका गिऱ्हाइकाच्या पीडीएफ खतावणीतच दिसते. उद्या ॲप बदलायचे ठरले तर नव्या ठिकाणी ‘आधीची बाकी ४,२००’ एवढेच नेता येईल. एखाद्या कॅन्टीनवाल्याने ‘हे कधीचे?’ म्हणून विचारले तर जुनी पीडीएफ शोधावी लागेल. काकूंची उधारीची वही म्हणूनच अजून चालू आहे, आणि मी ती बंद करायला सांगितलेली नाही.

बॅकअपबद्दल कंपनीचे म्हणणे होते की सगळा डेटा रोज बॅकअप होतो, वेगळी निर्यात कशाला. ती बॅकअप फाइल त्याच ॲपमध्ये उघडते, दुसऱ्या कशातही नाही. कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवायची असतात. २०२५-२६ ची ती मुदत ३१ डिसेंबर २०२६, म्हणजे या चिवड्याची बिले ३१ डिसेंबर २०३२ पर्यंत दाखवता यायला हवीत. तोवर हीच वर्गणी भरत राहू असे कोण सांगेल? वर्गणी संपल्यावर काय, हेही लेखी विचारले होते. उत्तर आले की नवे बिल करता येणार नाही, जुनी पाहता येतील, निर्यात मात्र बंद होईल. हे वर्गणीच्या पानावर कुठेही लिहिलेले नव्हते.

काय ठरले

काकांनी वर्षाचे पैसे भरले. माझेही मत तेच होते, कारण बिले खरी राहतात आणि ओळवार तपशील बाहेर निघतो. एवढे असले की रिपोर्टच्या चुकीवर मात करता येते. हेच ॲप ओळवार तपशील देत नसते तर मांडणी कितीही सोपी असली तरी मी नको म्हटले असते.

भरताना काही रीत ठरवली. विवरणपत्र ॲपच्या तयार फाइलवरून भरायचे नाही, ओळवार तपशिलावरून पिव्होट करून भरायचे आणि तयार गोषवाऱ्याशी दरवार ताडून पाहायचे. दर बदलला की जुना जिन्नस बंद करून नव्या दराचा नवा जिन्नस करायचा. ‘चिवडा पाकीट’ची नवी नोंद ‘चिवडा पाकीट ५’ या नावाने १ ऑक्टोबरला केली. शिल्लक साठा तिच्यात हलवला, म्हणजे नगांचा हिशेब तुटला नाही. आणि दर महिन्याच्या शेवटी मुलगा तीन गोष्टी पेनड्राइव्हवर आणि स्वतःच्या मेलवर ठेवतो: ओळवार विक्री, सगळ्या बिलांची एकत्र पीडीएफ आणि गिऱ्हाइकांच्या खतावण्या. यात ॲपची बॅकअप फाइल धरलेली नाही.

खरेदीची बाजू मात्र सुटलेली नाही. खरेदीच्या निर्यातीत ॲप स्वतःचा नोंद क्रमांक देते, सियागंजातल्या व्यापाऱ्याचा मूळ बिल क्रमांक देत नाही. व्यापाऱ्यांनी भरलेल्या बिलांवरून पोर्टल जी जीएसटीआर-२बी ही खरेदीची यादी देते, तीत मात्र व्यापाऱ्याचाच क्रमांक येतो. दोन याद्या जुळवायला सामाईक रकाना नाही, त्यामुळे कराची वजावट घेताना सीएच्या ऑफिसातली मुलगी रक्कम आणि तारीख पाहून हाताने जुळवते. एकाच व्यापाऱ्याकडून एका दिवशी दोन सारख्या रकमेची बिले आली की तिला काकांना फोन करावा लागतो. कंपनीकडे हा रकाना मागितला आहे, मागणी नोंदवल्याचे उत्तर आले आहे. तोवर मुलगा खरेदीच्या नोंदीत शेऱ्याच्या जागी व्यापाऱ्याचा बिल क्रमांक लिहितो, कारण शेरा निर्यातीत येतो.